इंटरव्ह्यूत सांगायचं राहिलं ते मेलमध्ये कसं सांगावं?

प्रश्न: मी बडोद्याला मांजलपूरमध्ये राहते. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या एलटी पॅनल कंपनीत सहा वर्षं क्वालिटीत आहे. बुधवारी दुपारी मंजुसरच्या एका ट्रान्स्फॉर्मर कंपनीत सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी इंटरव्ह्यू झाला. क्वालिटी हेड, परचेस मॅनेजर आणि एचआरच्या बेन असे तिघं होते. क्वालिटी हेड म्हणाले, व्हेंडरकडून आलेल्या टँक आणि रेडिएटरमध्ये लिकेज निघतं, तो मोठा त्रास आहे. शेवटी परचेस मॅनेजर म्हणाले, "पण तुमचा अनुभव पॅनलचा आहे, ट्रान्स्फॉर्मरचा नाही." मी काहीतरी उत्तर दिलं, ते त्यांना पटलेलं दिसलं नाही. घरी आल्यावर आठवलं की आमच्या एका फॅब्रिकेटरच्या एन्क्लोजरमध्ये पाणी शिरायचं, तेव्हा मीच त्याच्या शेडवर जाऊन पावडर कोटिंगच्या आधी वेल्डिंग आणि गॅस्केटची तपासणी सुरू केली होती. सहा महिन्यांत रिजेक्शन शंभरात १४ वरून ३ वर आलं. हे सांगायचं राहूनच गेलं. आठ-दहा दिवसांत कळवतो म्हणालेत. मी मेल लिहून ठेवलाय: "ही नोकरी मिळाली तर मी आपली कायम ऋणी राहीन. मी अतिशय मेहनती आहे आणि लवकर शिकते. ट्रान्स्फॉर्मरचा अनुभव नसला तरी कृपया एक संधी द्यावी. निकाल लवकर कळवावा ही विनंती." नवरा म्हणतो लाचार वाटतंय, भाऊ म्हणतो मेल पाठवूच नकोस. काय करू?

— एक वाचक, बडोदे

उत्तर: मेल पाठवा, आणि उद्या सकाळीच पाठवा. भावाचं ऐकून गप्प बसलात तर परचेस मॅनेजरांची शंका तिथंच राहील. तिचं उत्तर तुमच्याकडे आहे आणि ते तुम्ही या पत्रात लिहिलंही आहे. फक्त मेलच्या मसुद्यात ते कुठंच नाही. त्यामुळे आहे त्या मसुद्याची भाषा घासूनपुसून काही साधणार नाही. तो बाजूला ठेवा आणि फॅब्रिकेटरच्या गोष्टीपासून नवा लिहायला घ्या.

त्याआधी त्या चार वाक्यांत नेमकं काय खटकतं ते पाहू, म्हणजे नव्या मेलमध्ये ती दुसऱ्या रूपात परत येणार नाहीत. "कायम ऋणी राहीन" यात नोकरीचा व्यवहारच बदलतो. त्यांना काम करणारं माणूस हवंय, तुम्हाला काम हवंय. उपकाराचा प्रश्न आला की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं, आणि अवघडलेला माणूस मेल मिटून पुढं जातो. "मेहनती आहे, लवकर शिकते" हे खरं असेल, पण त्या जागेसाठी आलेला प्रत्येक जण हेच म्हणणार आणि मेल वाचून ते कुणालाच पडताळता येणार नाही. "निकाल लवकर कळवावा" असं लिहिणं म्हणजे त्यांनी दिलेली मुदत तुम्ही ऐकलीच नाही, असं होतं. आठ-दहा दिवस म्हणालेत ना, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घाई दाखवायची नाही.

सर्वांत महाग पडणारं वाक्य तिसरं आहे. "ट्रान्स्फॉर्मरचा अनुभव नसला तरी" असं लिहिलंत की त्यांची शंका तुम्ही स्वतःच्या सहीनं मान्य केलीत. इंटरव्ह्यूनंतरचा मेल बहुतेक वेळा एकट्या माणसाकडे राहत नाही. एचआरच्या बेन तो पुढं पाठवतात, कधी त्यावर "पाहून घ्या" एवढंच लिहितात. मग जो माणूस त्या दिवशी खोलीत नव्हता, उदाहरणार्थ प्लांट हेड, तो तुमच्याबद्दल पहिलं वाक्य वाचतो ते "अनुभव नाही, तरी संधी द्या". तुम्ही सहा वर्षं काय केलं, ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

लाचारी कुठल्या एका शब्दात नसते. "आभारी आहे", "विनंती आहे" हे शब्द बिनधास्त वापरा, ते सभ्यतेचे आहेत. खटकतं ते असं वाक्य, ज्यात फक्त तुमची गरज आहे आणि वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काही नाही. प्रत्येक वाक्य लिहून झालं की स्वतःला विचारा, की हे वाचून क्वालिटी हेडला निर्णयासाठी काही नवं कळलं का? नसेल कळलं तर ते वाक्य काढा. आभाराचं एक आणि शेवटचं एक, एवढी दोन या चाळणीतून सोडून द्या.

आता मेलचा गाभा. या जागेसाठी तुम्ही योग्य का, हे सांगायला चार परिच्छेद लागत नाहीत. त्यांनी सांगितलेली एक अडचण, तिच्याशी जुळणारं तुमचं एक काम आणि त्या कामाचा आकडा, एवढं पुरतं. तुमच्या बाबतीत ते फार छान जुळतं, आणि कसं जुळतं ते तुम्हीच आधी नीट समजून घेतलं पाहिजे, कारण फोनवर कुणी विचारलं तर दोन वाक्यांत सांगता यायला हवं.

एन्क्लोजरमध्ये पाणी शिरतं आणि टँकमधून तेल गळतं, हे वरवर वेगवेगळे दोष आहेत. पण दोन्हीकडे पत्रा कापून, वाकवून, वेल्ड करून बंद डबा तयार होतो, आणि दोन्हीकडे दोष बहुतेक वेळा त्याच दोन ठिकाणी असतो: वेल्डची रेघ, आणि गॅस्केट जिथं दाबून बसतं तो पृष्ठभाग. वेल्डमधलं सुईच्या टोकाएवढं भोक रंगाखाली झाकलं जातं. फॅब्रिकेटरच्या शेडवर रंगवलेला माल पाहिला तर तो चांगलाच दिसतो, आणि भोक उघडं पडतं ते पुढं, पाण्याच्या किंवा तेलाच्या दाबाखाली. म्हणूनच टँकची लीक टेस्टही रंगाच्या आधी घेणं शहाणपणाचं असतं. हवा भरायची, सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे कुठं येतात ते पाहायचं. तुम्ही पावडर कोटिंगच्या आधी तपासणी सुरू केलीत, ती याच कारणानं. तुमच्या सहा वर्षांतलं त्यांच्या सर्वांत जवळचं काम हेच आहे. पॅनलचा अनुभव ट्रान्स्फॉर्मरला चालेल का, या प्रश्नाला "मी लवकर शिकेन" हे उत्तर देऊन भागत नाही. "दोष कुठं लपतो आणि कुठल्या टप्प्यावर पकडायचा, ते मी केलंय" या उत्तरानं भागतं.

याचबरोबर जे येत नाही ते एका वाक्यात सांगून टाका. टँकची प्रेशर लीक टेस्ट तुम्ही स्वतः कधी घेतली नसेल, तर तसं लिहा. परचेस मॅनेजर अनुभवी माणूस आहे, त्यांना फरक माहीत आहे. तो फरक तुम्हालाही माहीत आहे आणि नेमका कुठं आहे तेही माहीत आहे, हे दिसलं की तुमच्या बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. मात्र उणीव आधी आणि काम नंतर, असा क्रम नको. आधी काम, मग उणीव, मग पुन्हा जे हातात आहे ते. मसुद्यात तर उणीवच आहे, काम कुठंच नाही.

क्वालिटी हेडनी खोलीत बसून "लिकेजचा मोठा त्रास आहे" असं सांगितलं, ते तोंडी होतं. तेच तुम्ही लेखी स्वरूपात "आपल्या कंपनीत लिकेजचा मोठा त्रास आहे" असं परत पाठवलंत, तर बाहेरच्या माणसाच्या मेलमध्ये त्यांच्या मालाची तक्रार लिहिल्यासारखं होतं, आणि तो मेल त्यांच्या वरिष्ठांकडे गेला तर ते त्यांनाच अडचणीचं होईल. चांगल्या-चांगल्या उमेदवारांकडून हे होतं. म्हणून त्यांचा त्रास न लिहिता त्यांचा हेतू लिहा: "व्हेंडरकडेच दोष पकडला जावा, यावर या जागेचा भर आहे." अर्थ तोच राहतो, आणि हे वाक्य कुणीही वाचलं तरी चालतं. सध्याच्या कंपनीबद्दलही तेवढीच काळजी घ्या. फॅब्रिकेटरचं नाव, ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, फोटो यांतलं काहीही मेलमध्ये नको. आज तुम्ही आमचं तिथं सांगताय, तर उद्या तिथलं दुसरीकडे सांगाल, असा विचार परचेसचा माणूस हमखास करतो.

मेल तुम्ही इंग्रजीतच पाठवणार, पण मजकूर आधी मराठीत पक्का करा. मराठीत लिहिताना "काइंडली डू द नीडफुल" किंवा "होपिंग फॉर अ फेव्हरेबल रिस्पॉन्स" आपोआप गळून पडतं, कारण आपण मराठीत तसं बोलतच नाही. मग छोट्या-छोट्या वाक्यांत इंग्रजी करा. मजकूर साधारण असा:

> विषय: सप्लायर क्वालिटी इंजिनिअर – बुधवारचा इंटरव्ह्यू
>
> आदरणीय सर,
>
> बुधवारी आपण तिघांनी वेळ दिलात आणि कामाचं स्वरूप सविस्तर समजावून सांगितलंत, त्याबद्दल आभारी आहे.
>
> टँक आणि रेडिएटरमधले दोष व्हेंडरकडेच पकडले जावेत, यावर या जागेचा भर आहे असं आपण सांगितलंत. त्याच्याशी जुळणारं एक काम मी सध्याच्या नोकरीत केलं आहे, ते बोलण्याच्या ओघात राहून गेलं. एका फॅब्रिकेटरकडून येणारी एन्क्लोजर पाण्याच्या चाचणीत नापास होत होती. दोष मुख्यतः कोपऱ्यांच्या वेल्डिंगमध्ये आणि गॅस्केटच्या जागी होता, आणि पावडर कोटिंगनंतर तो दिसत नव्हता. मी त्यांच्या शेडवर कोटिंगच्या आधी तपासणीचा टप्पा सुरू केला. सहा महिन्यांत रिजेक्शन शंभरात १४ वरून ३ वर आलं.
>
> पॅनल आणि ट्रान्स्फॉर्मर यांतला जो फरक परचेसच्या सरांनी दाखवला, तो योग्य आहे. टँकची प्रेशर लीक टेस्ट मी स्वतः घेतलेली नाही. व्हेंडरच्या शेडवर वेल्डिंग तपासणं, दोषाचं कारण शोधणं आणि केलेली सुधारणा टिकते आहे का ते पाहणं, हे मात्र माझं नेहमीचं काम आहे.
>
> या जागेत मला रस आहे. आणखी काही माहिती हवी असल्यास खालील क्रमांकावर कधीही विचारावं.
>
> आपली,
> (पूर्ण नाव, मोबाईल क्रमांक)

हा मजकूर मोबाईलच्या पडद्यावर दोन वेळा बोट सरकवलं की संपतो. बहुतेक लोक तो मोबाईलवरच, एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगला जाताना वाचतात. याच्या दुप्पट झाला की मधला परिच्छेद, म्हणजे नेमका कामाचा, वाचायचा राहतो. म्हणून आणखी एक काम आठवलं तरी घालायचं नाही. दोन उदाहरणं दिली की दोन्ही पातळ होतात.

"कोपऱ्यांच्या वेल्डिंगमध्ये आणि गॅस्केटच्या जागी" हा तपशील मी अंदाजानं लिहिलाय, तुमच्याकडे खरं काय घडलं तेच लिहा. दोष बिजागरीजवळ असेल किंवा केबल आत येण्याच्या प्लेटला असेल, तर ते लिहा. अशा एका नेमक्या तपशिलानं तुम्ही स्वतः शेडवर उभ्या राहिला होतात हे कळतं. "व्हेंडर डेव्हलपमेंट आणि रूट कॉज ॲनालिसिसचा व्यापक अनुभव" असं लिहिलंत तर ते रेझ्युमेतलं वाक्य झालं, आणि ते त्यांनी आधीच वाचलंय. "मुख्यतः" हा शब्द मात्र ठेवा. सगळे दोष दोनच ठिकाणी होते, असा दावा तुम्हाला नंतर सिद्ध करता येणार नाही.

आकड्याची थोडी तयारी हवी. शंभरात १४ कशाचे? एका महिन्याच्या मालाचे की एका मोठ्या लॉटचे? पहिल्या चाचणीत नापास म्हणजे रिजेक्शन धरलं, की दुरुस्तीनंतरही नापास झालेलंच? आणि उरलेले ३ कशामुळे? आठवणीतून लिहिलेला आकडा आणि रजिस्टरमधला आकडा यांत फरक असेल तर रजिस्टरमधला घ्या. तो १४ ऐवजी ११ निघाला तरी काही बिघडत नाही. नक्की माहीत नसेल तर "निम्म्याहून खाली आलं" असं लिहा. पण १४ लिहून फोनवर "साधारण दहा-बारा असतील" असं म्हणालात, तर सगळा मेलच संशयास्पद होतो. रेझ्युमेत हाच आकडा वेगळा लिहिला असेल तर आधी ते तपासा.

मेल कुणाला पाठवायचा, हे इंटरव्ह्यूचं बोलावणं कसं आलं होतं त्यावर ठरतं. त्या निमंत्रणात क्वालिटी हेड आणि परचेस मॅनेजर यांचे पत्ते दिसत असतील, तर दोघांना मिळून एकच मेल करा आणि एचआरच्या बेनना सीसीमध्ये ठेवा. तिघांना तीन वेगळे मेल लिहावेत असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तुमच्या बाबतीत तो नको, कारण शंका परचेसची होती आणि उत्तर क्वालिटीच्या भाषेत आहे, तेव्हा दोघांनी एकच मजकूर वाचणं तुमच्या सोयीचं आहे. शिवाय तीन मेल थोडे-थोडे बदलून पाठवले आणि ते शेजारी ठेवून पाहिले गेले, तर ती नक्कल वाटते. फक्त एचआरचाच पत्ता असेल तर त्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून हा मजकूर पाठवा आणि वर एक ओळ घाला: "खालील मजकूर दोन्ही सरांपर्यंत पोचवावा ही विनंती." कंपनीच्या पत्त्यांची पद्धत पाहून क्वालिटी हेडचा पत्ता अंदाजानं बनवू नका. चुकला तर मेल परत येतो, आणि भलत्याच माणसाला पोचला तर ते आणखी वाईट.

निमंत्रण एखाद्या पोर्टलवरून, `no-reply` पत्त्यावरून आलं असेल तर तिथं दिलेलं उत्तर कुणीच वाचत नाही. अशा वेळी इंटरव्ह्यूची वेळ ठरवायला ज्यांनी फोन केला होता, त्यांना फोन करून एवढंच विचारा: "आभाराचा मेल पाठवायचा आहे, कोणत्या पत्त्यावर पाठवू?" आपल्याकडे बडोद्यात हे सहज चालतं आणि कुणी नाही म्हणत नाही. त्याच फोनवर निकालाचं मात्र काही विचारू नका.

संबोधनाचा घोळ इथं नेहमी होतो, कारण समोरासमोर आपण "भाई", "बेन" म्हणतो आणि मेलमध्ये काय म्हणावं ते सुचत नाही. मेलमध्ये "सर", "मॅडम" ठेवा. बेननी स्वतःच्या मेलखाली नुसतं पहिलं नाव लिहिलं असेल, तर त्यांना त्या नावापुढं "मॅडम" लावून लिहिलं तरी चालेल. "रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम" असं दोन्ही एकदम लिहू नका. ज्या माणसांसमोर तुम्ही इतका वेळ बसलात, ती पुरुष की बाई हे तुम्हाला माहीत असतंच.

मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावरून पाठवा, ऑफिसच्या पत्त्यावरून अजिबात नको, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनही नको. रात्री लिहून झाला तर तेव्हाच पाठवू नका. रात्री पावणेबाराची वेळ मेलवर दिसते आणि शब्द कितीही संयत असले तरी घालमेल कळते. जीमेलमध्ये पाठवण्याच्या बटणाशेजारच्या बाणावर `Schedule send` आहे, तिथं सकाळी दहाच्या आसपासची वेळ लावा. इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी मेल गेला असता तर सर्वांत बरं झालं असतं, कारण तिघांचं आपसात बोलणं साधारण तेव्हाच होतं. दोन-तीन दिवस झाले तरी चालतं, पण उशिराबद्दल क्षमा मागायची नाही. उशीर झालाय हे त्यांच्या लक्षातही आलेलं नसतं, माफी मागून तुम्हीच ते आठवून देता. कंपनीच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी मात्र पाठवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी साठलेल्या मेलच्या ढिगात तो तळाशी जातो.

सोबत काही जोडू नका. रेझ्युमे त्यांच्याकडे आहे. पुन्हा जोडलात आणि त्यात एखादी ओळ बदललेली असली, तर कोणता खरा असा प्रश्न उभा राहतो. पगार, नोटीस पिरियड, येण्याजाण्याची बस हे विषयही या मेलमध्ये नकोत. अपवाद एकच: नोटीस पिरियड त्यांनी विचारला होता आणि तुम्ही चुकीचा सांगितला असेल, तर शेवटच्या परिच्छेदाआधी एका ओळीत दुरुस्त करा.

मेल गेल्यावर बहुधा उत्तर येणार नाही. एखाद्यानं "धन्यवाद, कळवतो" लिहिलं तर बरं, पण काहीच आलं नाही म्हणून नकार समजायचं कारण नाही. अशा मेलला उत्तर द्यायची पद्धतच फारशी नाही. आठ-दहा दिवस म्हणालेत, तर दहा दिवस पूर्ण होऊ द्या आणि वर कामाचे दोन दिवस सोडा. त्यानंतर त्याच मेलच्या साखळीत, फक्त एचआरना, एवढंच लिहा:

> नमस्कार मॅडम, सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी माझा इंटरव्ह्यू मागच्या पंधरवड्यात झाला होता. निर्णय साधारण कधीपर्यंत अपेक्षित आहे, ते कळवू शकाल का? माझ्याकडून आणखी काही हवं असल्यास सांगावं.

यात फॅब्रिकेटरची गोष्ट पुन्हा सांगायची नाही. ती त्याच साखळीत खाली आहेच. "निकाल काय लागला" असंही विचारायचं नाही, "कधीपर्यंत" विचारायचं. निर्णय अजून झाला नसेल तर पहिल्या प्रश्नाला त्यांना उत्तर देता येत नाही, दुसऱ्याला देता येतं, म्हणून उत्तर येण्याची शक्यता वाढते. यालाही आठवडाभर काही आलं नाही तर एकदा एचआरना ऑफिसच्या वेळेत फोन करा. त्यानंतर थांबा. क्वालिटी हेडना व्हॉट्सॲप करायचं नाही, आणि त्यांच्याकडे पूर्वी नोकरीला असलेल्या कुणा काकांकडून "जरा बघा" असा फोनही करवायचा नाही. दांडिया बाजारात कुणाची ना कुणाची ओळख निघतेच, हे मला ठाऊक आहे. पण चांगला मेल पाठवल्यावर असा फोन गेला की मेलचं वजन जातं, आणि परचेस मॅनेजरांची शंका मिटण्याऐवजी पक्की होते.

मधल्या काळात दुसरीकडून ऑफर आली तर मात्र थांबू नका. एचआरना लगेच कळवा, उत्तर द्यायची खरी तारीख सांगा, आणि त्याआधी त्यांचा निर्णय कळू शकेल का ते विचारा. ऑफर नसताना असं लिहू नका. "ठीक आहे, तुम्ही ती घ्या" असं उत्तर आलं तर परतीची वाट राहत नाही.

या मेलनं किती फरक पडेल? त्यांनी आधीच दुसरं माणूस ठरवलं असेल तर काहीच नाही. ट्रान्स्फॉर्मर कंपनीत टँकवरच दहा वर्षं काढलेला कुणी समोर असेल तरी फार नाही. पण तुम्ही आणि आणखी एक जण जवळजवळ सारखे असाल आणि क्वालिटी हेडना तुम्ही पसंत असाल, तर परचेसला समजावताना त्यांच्या हातात दाखवायला काहीतरी लागतं. १४ आणि ३ हे दोन आकडे आणि "कोटिंगच्या आधी" हे दोन शब्द त्यांना त्या बैठकीत वापरता येतील.

मेल गेला की रजिस्टरमधले त्या सहा महिन्यांचे आकडे महिन्यागणिक एका वहीत स्वतःच्या हातानं लिहून ठेवा. ऑफिसच्या कागदांचे फोटो काढू नका. पुढचा फोन क्वालिटी हेडचा आला, तर पहिला प्रश्न बहुधा हाच असेल: तपासणीचा टप्पा आणल्यावर फॅब्रिकेटरनं कुरकुर केली असेल, जास्तीचा वेळ आणि खर्च कुणी सोसला? याचं खरं उत्तर आताच आठवून ठेवा.